‘गेन’ म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, बॉस!

सिग्नलला गाडी थांबली, गाणं संपलं आणि स्पीकरमधून आवाज आला, ‘स्स्स्स...’ पुढचं गाणं लागलं, मी व्हॉल्यूम वाढवला, तर गायिकेचा घसा बसलेला! नवाकोरा अॅम्प्लिफायर बसवून जेमतेम आठवडा झाला होता. स्पीकर गेले, असं समजून मी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठली. तिथल्या दुकानातल्या काकांनी विचारलं, ‘‘गेन किती ठेवलाय?’’ मी म्हटलं, ‘‘फुल्ल!’’ काका हसले. ‘‘अहो, तो व्हॉल्यूम नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल अॅम्पने किती मोठा करायचा, ते त्याने ठरतं.’’

गेन फार वाढवला की सिग्नलबरोबर स्टिरिओची बारीक खरखरही मोठी होते. तीच ही ‘स्स्स’. आणि व्हॉल्यूम वाढवला की अॅम्पची ताकद संपते, आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि गाणं फाटतं. थोडक्यात, दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

काकांच्या सल्ल्याने मल्टिमीटर घेतला आणि रविवारी पार्किंगमध्येच प्रयोग केला. माझा अॅम्प दर चॅनलला 75 वॅट आरएमएस, स्पीकर 60 वॅटचे, 4 ओहमचे. हिशोबाला यातला लहान आकडा घ्यायचा. 60 गुणिले 4 म्हणजे 240, त्याचं वर्गमूळ साधारण 15.5. म्हणजे अॅम्पमधून 15.5 व्होल्टच्या वर जायचं नाही.

आधी स्पीकरच्या वायर अॅम्पपासून काढल्या. बास बूस्ट, इक्वलायझर आणि अॅम्पवरचे फिल्टर बंद केले, गेन शून्यावर आणला, इंजिन चालू केलं. स्टिरिओचा व्हॉल्यूम 40 पैकी 30 वर ठेवून पेन ड्राइव्हवरून 0 डीबीचा 200 हर्ट्झचा एकसुरी टोन लावला. (स्वस्त मीटर वरच्या सुरांना चुकतो, म्हणून 200. सबवूफरसाठी 50 घ्या.) मीटर एसी व्होल्टवर ठेवून अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलना लावला आणि स्क्रू-ड्रायव्हरने गेन हळूहळू वाढवला. 15.5 आले, थांबले. उत्सुकता म्हणून जुन्या जागी नेऊन पाहिलं, तर 21! हिशोबाने ते 110 वॅट होतात. 75 वाल्या अॅम्पला ते कुठून झेपणार?

मग गेन परत 15.5 वर आणला, फिल्टर पूर्ववत केले, वायर जोडल्या. व्हॉल्यूम 30 च्या वर न्यायचा नाही, हा आता घरचा नियम आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. लाट कापली जातेय का, हे मीटर दाखवत नाही. ते ऑसिलोस्कोपचं काम. तुमचा स्टिरिओ 30 च्या आतच फाटत असेल, तर आकडा बरोबर येऊनही गाणं फाटेल. मग आणखी कमी व्हॉल्यूमवर हाच प्रयोग पुन्हा करा. आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर चढत जाणारी ‘कूंऽऽ’ ऐकू आली, तर गेनला हात लावू नका. तो बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो.

काल त्याच सिग्नलला गाणं संपलं. पुढचं सुरू होईपर्यंत गाडीत फक्त बाहेरचे हॉर्न ऐकू येत होते!