चूक नेमकी कुठे?

'वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात.' चूक की बरोबर? पुष्कळ मुलं बरोबर म्हणतात, म्हणूनच हे विधान स्वाध्यायात घ्यावं. 'वनस्पती श्वसनच करत नाहीत' हे मात्र सहज ओळखू येतं, त्यातून मुलाचा गोंधळ कळत नाही. चुकीचा शब्द एकच असावा. इथे तो 'फक्त'.

दुरुस्त विधानात नुसतं 'नाही' घालून भागत नाही, कारणही यायला हवं: वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात, भर उन्हात श्वसनातला कार्बन डायऑक्साइड प्रकाशसंश्लेषणात वापरला जातो, म्हणून तो बाहेर पडताना दिसत नाही.

मुलाने आधी स्वतः दुरुस्ती लिहावी, मगच उत्तराचं पान उघडावं. नुसत्या खुणा केल्या तर अंदाजानेही साधारण निम्मी उत्तरं जुळतात.