पुण्यतिथीच्या फोटोखाली काय लिहावं?

आजीच्या फोटोला चंदनाचा हार, खाली ओळ: ‘प्रथम पुण्यस्मरण’. नातीने हा फोटो ग्रुपवर टाकताच कोणीतरी विचारतं, ‘अरेरे, कशाने गेल्या?’ ओळ न वाचताच विचारलेल्या या प्रश्नामुळे तिला वर्षापूर्वीचा दवाखाना पुन्हा सांगावा लागतो.

म्हणून आधी ओळ वाचावी. निधनाची बातमी असेल तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पुण्यतिथीला ‘विनम्र अभिवादन’ शोभतं. ‘वर्ष झालं, आता सावरा’ असं मात्र लिहूच नये. सल्ला कोणी मागितलेला नसतो.

सर्वांत जवळची वाटते ती खरी आठवण. शेजारचा मुलगा लिहितो, ‘परीक्षेला निघताना आजी हातावर दही ठेवायच्या, ते अजून आठवतं.’ नात ती ओळ आईला वाचून दाखवते. ओळख नसेल, तर ‘तुमच्या आजींना नमस्कार’ एवढंही पुरतं.