शेवटची ओळ मथळ्यात

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान फ्लोरिडातून झेपावलं. कल्पना चावलासह सात जण त्यात होते. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा फेसाचा एक मोठा तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान ठरल्याप्रमाणे कक्षेत पोचलं, अंतराळवीरांचं कामही सुरू झालं. इकडे जमिनीवर अभियंत्यांना मात्र प्रश्न पडला होता, की उष्णतेपासून बचाव करणाऱ्या आवरणाला या आघातामुळे कितपत इजा झाली असेल? त्यांनी हिशेब मांडले आणि २४ जानेवारीला बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी तयार केलेल्या स्लाइड नासाच्या बैठकीत दाखवल्या गेल्या. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं आणि सातही जण गेले. पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात त्यातल्या एका स्लाइडची चिरफाड छापली गेली. ती केली होती आकडेवारीच्या मांडणीचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी.

गच्च भरलेली स्लाइड मोकळी कशी करायची, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. म्हणून तीच घेऊन बसू.

मथळ्याचा आशय असा होता: चाचण्यांचा आढावा घेतला असता टाइल भेदली जाण्याबाबतचे आपले अंदाज सावध बाजूचे दिसतात. म्हणजे गणित प्रत्यक्षापेक्षा जास्त नुकसान दाखवतं, तेव्हा काळजीचं फारसं कारण नाही. हा मथळा वाचून कोणीही निर्धास्त होईल. त्याखाली वाक्यांची उतरंड. नुकसानीचा अंदाज बांधणारं ‘क्रेटर’ नावाचं गणिती सूत्र जुन्या चाचण्यांशी ताडून पाहिलं. त्याने टाइलच्या वरच्या थराचं नुकसान बरंच वाढवून दाखवलं. फेस मऊ आणि टाइलचा वरचा थर कठीण, त्यामुळे तो भेदायला बरीच ऊर्जा लागते. पण वस्तुमान आणि वेग पुरेसा असेल तर तो भेदला जाऊ शकतो. आणि एकदा भेदला गेला, की मोठं नुकसान होऊ शकतं. ऊर्जेत थोडा फरक पडला तरीही. मग सगळ्यात खाली दोन ओळी: प्रत्यक्ष उड्डाणातली स्थिती चाचण्यांच्या मर्यादेच्या बरीच बाहेर आहे. फेसाच्या भागाचं आकारमान १,९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३ घनइंच.

१,९२० ला ३ ने भागलं की ६४० येतात. ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्या चाचण्यांपेक्षा ६४० पट मोठी वस्तू यानावर आदळली असण्याची शक्यता होती. ही ओळ वरच्या सगळ्या मजकुराला हादरवते, पण ती सर्वांत खाली होती. स्लाइडवर भागाकारही केलेला नव्हता. तो ऐकणाऱ्याने मनातल्या मनात करायचा होता.

टफ्टी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा होता. कुठे गणिताने फुगवलेलं नुकसान लक्षणीय, कुठे लागणारी ऊर्जा लक्षणीय, तर शेवटी ६४० पटींचा फरकही लक्षणीयच.

आता हीच स्लाइड नव्याने बांधू. पहिलं काम संगणकापासून दूर, कागदावर करायचं. स्लाइडवरचं प्रत्येक वाक्य सुटं लिहून काढायचं आणि त्याला विचारायचं: हे खोटं ठरलं, तर समोरच्याचा निर्णय बदलेल का? टाइलचा वरचा थर फुटायला किमान किती वेग लागतो, हा आकडा थोडा इकडेतिकडे झाल्याने बैठकीतला निर्णय बदलला नसता. सूत्राचं नाव, प्रयोगशाळेचं नाव, यांनीही नाही. पण १,९२० ऐवजी तिथे ४ असतं, तर सगळी चर्चाच वेगळी झाली असती. म्हणजे स्लाइडचा गाभा तिथे आहे. गाभा बहुतेकदा खालीच सापडतो, कारण आपण ज्या क्रमाने काम करतो त्याच क्रमाने लिहितो: आधी काय तपासलं, मग काय दिसलं, मग काय खटकलं. ऐकणाऱ्याला मात्र काय खटकलं ते आधी हवं असतं.

दुसरं काम मथळ्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ‘चाचण्यांचा आढावा’ हा मथळा नव्हे, ते विषयाचं नाव झालं. त्यात क्रियापद नाही, त्यामुळे त्याला कोणी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. ‘पंख धोक्यात आहे’ यात क्रियापद आहे, पण त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवरून हे म्हणता येत नव्हतं. नुकसान झालंय हे कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. मथळा पुराव्याच्या पुढे पळाला, की खोलीतला पहिला जाणकार त्याला अडवतो आणि मग उरलेली बैठक त्या वादात जाते. ‘हा आघात चाचण्यांच्या मर्यादेबाहेरचा आहे’ हे खरं आहे, पण ऐकणारा म्हणेल, बरं, मग? म्हणून मी लिहीन: ‘आपल्याकडच्या चाचण्यांवरून टाइल शाबूत आहेत असं म्हणता येत नाही.’ माहिती जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच हे वाक्य जातं, आणि पुढचा प्रश्न आपोआप उभा करतं: मग कशावरून म्हणता येईल?

तिसरं काम आधाराचे मुद्दे. मथळा वाचून ऐकणारा ‘का?’ असं विचारतो, असं धरायचं आणि फक्त त्या ‘का’चं उत्तर द्यायचं. इथे ती उत्तरं अशी येतात. एक, आदळलेला फेस चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट असू शकतो: १,९२० घनइंच विरुद्ध ३ घनइंच. दोन, गणित नुकसान वाढवून दाखवतं, हा अनुभव लहान तुकड्यांपुरताच आहे. तीन, वरचा कठीण थर एकदा फुटला, की थोड्या जादा ऊर्जेनेही मोठं नुकसान होतं. स्लाइडवर इतकंच. पाचही ‘लक्षणीय’ गेले; जिथे आकडा होता तिथे आकडा आला, जिथे नव्हता तिथे साधं क्रियापद पुरलं.

दुसरा मुद्दा पाहा. जुन्या मथळ्यातला दिलासा त्यात आहे, पण त्याच्या मर्यादेसकट. मजकूर कमी करताना आपल्या निष्कर्षाला गैरसोयीची असलेली माहिती आधी कापावीशी वाटते, आणि स्लाइड मोकळी झाली या समाधानात तो खोटेपणा लपून जातो. कठीण थर सहजी फुटत नाही, ही गोष्टही बोलताना सांगायलाच हवी. स्लाइडवरून काढलेलं वाक्य टिपणात जातं. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडखाली बोलणाऱ्यासाठी जागा असते, ती याचसाठी. लोकांच्या हाती द्यायचे परिच्छेद मात्र वेगळ्या कागदावर, पूर्ण वाक्यांत, बैठकीआधी पाठवावेत. पडद्यावर परिच्छेद ठेवला की लोक वाचू लागतात. वाचणं बोलण्यापेक्षा भरभर होतं, म्हणून ते आपल्या पुढे निघून जातात, आणि एकाच वेळी वाचणं आणि वेगळी वाक्यं ऐकणं दोन्ही नीट जमत नाही.

तीनच मुद्दे का, असं काही जण विचारतात. तीन हा आकडा पवित्र नाही. दोनच भक्कम कारणं असतील तर दोन द्यावीत. तिसरं ओढूनताणून आणलं की ते लगेच ओळखू येतं, कारण ते मथळाच वेगळ्या शब्दांत सांगत असतं. चौथं कारण आलं, तर ते बहुधा तिघांपैकी एकाच्या पोटात बसतं, नाहीतर ते दुसऱ्याच मथळ्याखालचं असतं आणि त्याला वेगळी स्लाइड हवी. फसलेली त्रयी ओळखायची सोपी खूण म्हणजे ‘पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष’ अशी तीन नावं. ती कारणं नाहीत, ते प्रकरणांचे मथळे आहेत. प्रत्येक मुद्द्याआधी ‘कारण’ हा शब्द लावून वाचावा. वाक्य जुळलं तर मुद्दा जागेवर आहे.

अमेरिकेतले मायकेल अॅली याच्याही पुढे जातात. तांत्रिक सादरीकरण शिकवणारे अॅली सांगतात, की मथळा पूर्ण वाक्यात ठेवा, पण खाली शब्दांऐवजी दिसणारा पुरावा द्या. आपल्या उदाहरणात ते सहज होतं. ३ घनइंच म्हणजे साधारण दीड इंच बाजूचा ठोकळा. १,९२० घनइंच म्हणजे फुटाहून थोड्या मोठ्या बाजूचा ठोकळा. एकाच प्रमाणात हे दोन ठोकळे शेजारी काढले, तर ६४० हा आकडा वाचायचीही गरज उरत नाही. पहिला मुद्दा चित्राने सांगावा आणि उरलेले दोन शब्दांनी, असं मला वाटतं. गणिताचा अनुभव कुठवर लागू होतो, हे चित्रात नीट येत नाही.

एवढं करून काय साधलं असतं, याबद्दल मोठे दावे करू नयेत. पंखाची छायाचित्रं मिळावीत म्हणून अभियंत्यांनी केलेले प्रयत्न व्यवस्थापनाने त्या बैठकीआधीच थांबवले होते. शिवाय ही स्लाइड टाइलबद्दल होती आणि फेस आदळला होता तो पंखाच्या पुढच्या कडेवरच्या कार्बनच्या कवचावर. जुलै २००३ मध्ये टेक्सासमध्ये तशाच कवचावर फेसाचा तुकडा झाडून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटीमीटरचं भोक पडलं. प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असेल, तर उत्तम मथळाही त्याचंच उत्तर देतो. टफ्टी यांचं तर म्हणणं असं, की इतक्या गुंतागुंतीच्या तांत्रिक निर्णयासाठी स्लाइड वापरूच नयेत, रीतसर लेखी अहवाल द्यावा. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे मला ते पटतं. पण असा अहवाल लिहिला तरी त्याच्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य ठरवावंच लागतं, आणि ते ठरवायची रीत हीच.

शेवटची तपासणी सगळ्या स्लाइड तयार झाल्यावर करायची. फक्त मथळे एका कागदावर ओळीने उतरवायचे आणि या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्यायचे. आपण काय शोधलं आणि कोणता निर्णय मागतोय, हे त्याला तेवढ्यावरून सांगता आलं पाहिजे. जिथे तो अडखळेल, तिथल्या मथळ्यात बहुधा क्रियापद नसतं, किंवा त्या स्लाइडवरची महत्त्वाची ओळ अजून खालीच राहिलेली असते.