लायसन्स ड्रायव्हरचं बनावट, वसुलीची नोटीस मालकाला

समजा, तुमच्या टेम्पोने एका दुचाकीस्वाराला उडवलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने वारसांना ११ लाख रुपये मंजूर केले, विमा कंपनीने ते भरले आणि तुम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. काही महिन्यांनी त्याच कंपनीचं पत्र येतं: तुमच्या ड्रायव्हरचं लायसन्स बनावट होतं, सबब व्याजासह रक्कम पंधरा दिवसांत भरा.

घाबरून चेक फाडू नका आणि पत्र ड्रॉवरमध्येही टाकू नका. आधी निकालाची प्रत काढा आणि शेवटचा आदेश वाचा. कंपनीने वारसांना पैसे देऊन मालकाकडून वसूल करावेत, असं तिथे लिहिलं असेल तर प्रकरण गंभीर आहे. नवा दावा न लावता कंपनी त्याच न्यायाधिकरणात वसुलीची दरखास्त देऊ शकते. तसा अधिकारच दिलेला नसेल, तर नुसत्या पत्राच्या जोरावर वसुली होत नाही.

आता मूळ मुद्दा. लायसन्स बनावट निघालं एवढ्यावरच मालक अडकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं की, मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अटीचा भंग केला, हे कंपनीने सिद्ध करायचं. त्याआधी २००३ च्या लेहरू निकालात मालकाकडून काय अपेक्षित आहे तेही आलं: ड्रायव्हर ठेवताना लायसन्स बघावं, ते दिसायला खरं असावं आणि त्याला गाडी नीट चालवता येते याची खात्री करावी. आरटीओत जाऊन चौकशी करणं सक्तीचं नाही. पण बनावट असल्याचं कळूनही त्याच्याच हाती किल्ली दिली, तर मात्र बचाव संपला. एका आरटीओने त्याच लायसन्सचं नूतनीकरण करून दिलं, म्हणूनही मूळ बनावट कागद खरा ठरत नाही.

गाडं अडतं ते दुसरीकडेच. समन्स आलं की ‘विमा आहे ना, कंपनी बघेल’ म्हणत मालक कोर्टाची पायरीच चढत नाही. प्रकरण त्याच्याविरुद्ध एकतर्फी चालतं. कंपनी आरटीओच्या कर्मचाऱ्याला साक्षीला आणते, तो हा क्रमांक आमच्या नोंदीत नाही असं सांगतो, आणि लायसन्स बघून, गाडी चालवून घेऊनच माणूस ठेवला होता हे सांगायला कुणीच नसतं. माझ्या मते मालक बनावट लायसन्सपेक्षा या गैरहजेरीपायीच जास्त हरतो.

वसुलीचा आदेश चुकीचा वाटत असेल, तर निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. त्यासाठी २५ हजार रुपये किंवा मंजूर रकमेच्या निम्मे, यांपैकी कमी असेल ती रक्कम भरावी लागते. मुदत उलटली असेल, तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. वकिलाकडे जाताना ड्रायव्हर ठेवताना घेतलेली लायसन्सची प्रत, पगाराची नोंद आणि पॉलिसी सोबत न्या. चालवायला लावून बघितलं तेव्हा हजर असलेला क्लीनर किंवा शेजारचा गॅरेजवाला साक्षीला तयार असेल, तर तोही उपयोगी पडतो.