मे महिन्यातले चाळीस हजार कोणाचे?



16 जून जवळ येतोय. तिथून 15 ऑगस्टपर्यंत आपल्या मध्य प्रदेशात नदीतली मासळी धरायची नाही, न्यायची नाही, विकायचीही नाही. मोजून 61 दिवस. जाळं खुंटीला लागतं, पण चूल रोज पेटवावी लागते. म्हणून यावेळी जरा पैशाबद्दल लिहितो, आणि खास करून त्या ताई-वहिनींसाठी ज्या सकाळी तापीवरून माल घेतात, दारातच साफ करून, तुकडे करून विकतात. दुकान नाही, पाटी नाही. घर तेच दुकान आणि पदर तोच गल्ला.

अडचण इथेच आहे. दुकानाला शटर असतं, संध्याकाळी ते खाली ओढलं की धंदा आणि घर आपोआप वेगळे होतात. आपल्याकडे त्याच डब्यातून सकाळी माल घेतला जातो, दुपारी भाजी येते, संध्याकाळी पोराचा रिचार्ज होतो. मग महिनाअखेरी विचारलं, "वहिनी, किती सुटले?" तर उत्तर येतं, "सुटतात, घर चालतं की." घर चालतं हे खरं. पण ते नफ्यावर चालतं की भांडवल खाऊन चालतं, हे त्या डब्याकडे बघून कोणालाच सांगता येत नाही.

नमुना म्हणून बुधवाऱ्यातलं असं एक घर धरू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे वेगळे असतील. थंडीतल्या चांगल्या दिवशी 15 किलो माल 140 रुपयांनी घेतला, म्हणजे 2,100. विक्री झाली 2,850 ची. बर्फ, पिशव्या, रिक्षा मिळून 200 गेले. उरले 550. महिन्यात सत्तावीस दिवस धंदा झाला तर साधारण 15,000. ही झाली डिसेंबर-जानेवारीची गोष्ट.

वर्षभर असं नसतं. बंदी उठली की लगेच श्रावण आडवा येतो. आपल्या बुरहानपुरात तर हिंदी लोकांचा सावन आपल्या मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी बसतो, त्यामुळे दोन्ही मिळून दीड महिना गिऱ्हाईक कमी. त्यातला बराच भाग बंदीतच जातो, पण शेपूट उरतंच. मग नवरात्र, पुन्हा चैत्रातलं नवरात्र. तर या घराला सगळा धंद्याचा खर्च जाऊन असे पैसे उरतात: ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात 3 हजार, सप्टेंबरात 9, ऑक्टोबरात 8, नोव्हेंबरात 13, डिसेंबर आणि जानेवारीत 15-15, फेब्रुवारीत 14, मार्चमध्ये 13, एप्रिलमध्ये 10, मेमध्ये 12, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात 5 हजार. पुढे दोन महिने भोपळा. वर्षाची बेरीज 1 लाख 17 हजार.

आता घरात किती द्यायचे? बहुतेक घरांत डिसेंबरच्या कमाईवर हात सैल होतो आणि ऑगस्टात उसनवारी सुरू होते. त्याऐवजी वर्षाची बेरीज बारा महिन्यांवर पसरायची. 1,17,000 भागिले 12 म्हणजे 9,750. पण एवढे सगळे उचलायचे नाहीत. पेटी फुटते, काटा बिघडतो, एखाद्या उन्हाळ्यात पाणी लवकर आटतं. म्हणून 8,000 ठरवायचे. दर महिन्याच्या एक तारखेला धंद्याने घराला 8,000 द्यायचे. डिसेंबरात पण आठ आणि जुलैत पण आठ. हिशोबाच्या वहीत याला 'उचल' म्हणतात. मालकाने धंद्यातून घरासाठी काढलेला पैसा तो उचल. ज्यांना महिन्याचं जमत नाही त्यांनी लूमवाल्यांसारखं आठवड्यावर यावं, आठवड्याला 1,850. वर्षाला हिशोब जवळपास तोच बसतो.

सप्टेंबरपासून हे सुरू केलं तर धंद्याच्या बाजूला काय साठतं बघा. ऑगस्टअखेर 3 हजार. सप्टेंबर-ऑक्टोबरात फार तर 4. इथे ताई घाबरतात, म्हणतात काहीच साठत नाही. थांबा. नोव्हेंबरअखेर 9, डिसेंबरअखेर 16, जानेवारीअखेर 23, फेब्रुवारीत 29, मार्चमध्ये 34, एप्रिलमध्ये 36 आणि मेअखेर 40 हजार. यात रोजचा माल घ्यायला लागणारे दोन-तीन दिवसांचे सहा हजार धरलेले नाहीत, ते फिरते पैसे वेगळेच राहिले पाहिजेत.

हे मे महिन्यातले 40 हजार फार धोक्याचे. लग्नसराई असते, पुढे शाळा उघडणार असते, आणि नेमके तेव्हाच पैसे सगळ्यात जास्त दिसतात. घरातलं माणूस म्हणतं, "एवढे पडलेत ना, मग फ्रीज घेऊ." पण त्यातले 24 हजार जून, जुलै आणि ऑगस्टच्या एक तारखेची उचल आहे. तो घराचाच पगार आहे, फक्त अजून तारीख आलेली नाही. जूनचा पहिला पंधरवडा आणि ऑगस्टचा दुसरा मिळून 8 हजार आत येतात, म्हणून पुढच्या ऑगस्टअखेर हातात 24 हजार शिल्लक राहतात. त्यातून नवी पेटी येते, तराजू दुरुस्त होतो, आणि दुसरं वर्ष 3 हजारांऐवजी 24 हजारांवर सुरू होतं. फ्रीज घ्यायचाच असेल तर या शिल्लकीकडे बघून घ्या, मेच्या आकड्याकडे बघून नाही.

समजा ते 40 हजार खर्च झाले. बंदीत घर उधारीवर चालेल, आणि 16 ऑगस्टला माल घ्यायला 2,100 रुपये रोख नसतील. मग मासेमार दादा उधार देतो, पण 140 चा माल 150 नी. त्याचंही चूक नाही, त्याचे पैसे अडकतात. 15 किलोवर रोजचे 150 रुपये जास्त गेले. पंचवीस दिवसांत 3,750. म्हणजे जवळजवळ अर्ध्या महिन्याची उचल, कोणाला व्याज म्हणून दिलीय हे कळतही नाही. एखादी वहिनी रोखीतून उधारी खरेदीवर आली की समजावं, भांडवल घरात गेलं. ही खूण वही न लिहिणाऱ्यालाही दिसते.

वही लिहिणाऱ्याला त्याआधीच दिसते. रविवारी रात्री दहा मिनिटं काढा. मागच्या रविवारी डबा, खातं आणि गिऱ्हाइकांकडची उधारी मिळून 22,000 होते. या आठवड्यात सहा दिवसांत 17,100 ची विक्री झाली, माल 12,600 चा घेतला, बर्फ वगैरे 1,200. उरले 3,300. घराला उचल दिली 1,850. म्हणजे आज 23,450 असायला हवेत. मोजले तर 22,600. साडेआठशे कुठे गेले? आठवून बघितलं तर एक किलो रोहू घरी शिजवला, त्याचे 140. मोबाईल रिचार्ज 299. बाकीचे आठवत नाहीत. बंदी उठल्यापासून पुन्हा लागेपर्यंत त्रेचाळीस आठवडे धरले, तर दर आठवड्याला साडेआठशेप्रमाणे 36,550 रुपये होतात. मे महिन्यातले चाळीस हजार असे गळतात.

त्यातल्या त्या रोहूबद्दल दोन शब्द. घरी खाल्लेला मासा हीसुद्धा उचलच. मासा घरचा म्हणून खायचा नाही असं कोण म्हणतंय? खायचा, पण खरेदीच्या भावाने वहीत लिहायचा आणि 1,850 मधून तेवढे कमी घ्यायचे. विक्रीच्या भावाने लिहू नका, नाहीतर न झालेला नफा कागदावर चढतो.

दवाखाना, मयत, अशा वेळी नियम मोडणारच. तेव्हा पैसे काढा, पण वहीत 'जादा उचल' म्हणून तारखेसह लिहा आणि पुढच्या चार-पाच महिन्यांच्या उचलीतून थोडे थोडे वळते करा. उचल वाढवायची असेल तर वर्षातून एकदाच, ऑगस्टअखेरची शिल्लक बघून. डिसेंबरात कधीच नको.

पैसे ठेवायचे कुठे? दोन डबे ही सुरुवात चांगली, पण आता अर्धं गिऱ्हाईक मोबाईलवर पैसे देतं आणि दारातला क्यूआर कोड घरच्याच खात्याला, कधी पोराच्या खात्याला जोडलेला असतो. मग डबे कितीही वेगळे असू द्या. तो कोड आधी धंद्याच्या खात्याला जोडून घ्या.

खातं उघडताना दोन गोष्टी बघा. पुरती कागदपत्रं न देता उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्यात वर्षाला 1 लाखापेक्षा जास्त जमा होत नाही, शिल्लक 50 हजारांवर जाऊ देत नाहीत आणि महिन्याला 10 हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत. रोज 2,850 जमा केले तर सव्वा महिन्यातच लाख भरतो आणि खातं अडकतं. आधी बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा. दुसरं, जनधनसारखं शून्य शिल्लकीचं मूळ बचत खातं असेल तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. दुसरी बँक बघा किंवा सरळ चालू खातं उघडा. चालू खात्यासाठी धंद्याचा पुरावा मागतात, तिथे उद्यम नोंदणी कामी येते. ती udyamregistration.gov.in वर फुकट होते, त्यासाठी कोणाला पाचशे रुपये देऊ नका. चालू खात्यात किमान शिल्लक किती ठेवावी लागेल हे मात्र सही करण्याआधी विचारा.

आणखी एक गोष्ट ताईंच्या मनात असते, की "मी राबते, मग माझी मजुरी धंद्याचा खर्चच ना?" एकट्या मालकाच्या धंद्यात तसं धरत नाहीत. उचल नफ्यातून जाते, खर्चात नाही. पण भाव ठरवताना ती डोक्यात पाहिजे. वर्षभर वही लिहून 8,000 ची उचलसुद्धा निघत नसेल, तर गडबड घरखर्चात शोधू नका. किलोमागे सुटणारे पैसे कमी आहेत, किंवा शेवटचे दोन किलो रोज पडेल भावात जातायत, किंवा उधारी बुडतेय.

बंदीसाठी आधी साठवायचं हे सरकारी योजनेतही आहेच. मत्स्य संपदा योजनेच्या बचत-सह-राहतमध्ये पात्र मासेमाराने आपले 1,500 भरायचे, सरकार 3,000 घालतं, आणि 4,500 रुपये तीन महिन्यांत दीड-दीड हजाराने परत मिळतात. ते मासेमारी करणाऱ्या सभासदाला मिळतात, दारात विकणाऱ्या ताईला नाही. एकाच घरात दोघं असतील तर ते दीड हजार घराच्या बाजूला लिहा, धंद्याच्या नाही.

वही कशी आखायची हे बघायचं असेल तर सोसायटीच्या ऑफिसात या, येताना साधी शंभर पानी वही आणा. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, आणि उचलीसाठी मागची चार पानं वेगळी सोडायची.