मंजूर झालेला आयकर परतावा खात्यावर का येत नाही?

आयकराचा परतावा म्हणजे रिफंड मंजूर होणे आणि तो बँक खात्यात जमा होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. विवरणपत्राची तपासणी बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते. भरलेला कर देय करापेक्षा जास्त निघाला, तर आयकर कायद्याच्या कलम 143(1) खाली तशी सूचना करदात्याच्या ई-मेलवर येते. तेवढ्याने पैसे हातात पडत नाहीत. त्यानंतर परताव्याचा आदेश भारतीय स्टेट बँकेकडे जातो आणि ती बँक रक्कम करदात्याच्या खात्यात पाठवते. सूचना आली, रक्कम दिसली, पण खात्यावर काहीच नाही, अशी तक्रार असते तेव्हा अडचण बहुतेक वेळा या दुसऱ्या पायरीवर असते.

पूर्वी परताव्याचे धनादेश टपालाने येत. मार्च 2019 पासून परतावा फक्त इलेक्ट्रॉनिक मार्गाने आणि पॅनशी जोडलेल्या खात्यातच दिला जातो. खाते करदात्याचेच आहे, याची खात्री आयकर संकेतस्थळावर आधीच झालेली असावी लागते. या खात्रीलाच खाते ‘व्हॅलिडेट’ करणे म्हणतात. बचत, चालू, कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट आणि अनिवासी भारतीयांचे एनआरओ खाते त्यासाठी चालते. कर्जखाते किंवा पीपीएफ खाते चालत नाही.

व्हॅलिडेशनमध्ये तीन गोष्टी ताडून पाहिल्या जातात. पहिली, खाते क्रमांक आणि आयएफएससी बरोबर असून खाते चालू आहे का. दुसरी, त्या खात्याला बँकेच्या नोंदीत तोच पॅन जोडलेला आहे का. तिसरी, खातेदाराचे नाव पॅनवरील नावाशी जुळते का. करदाता संकेतस्थळावर खात्याचा तपशील भरतो, विनंती बँकेकडे जाते आणि बँकेकडच्या नोंदीवरून उत्तर येते. पासबुकावर काय छापले आहे किंवा पॅनची झेरॉक्स शाखेत कधी दिली होती, याचा इथे उपयोग नसतो. बँकेच्या संगणकात जे नोंदलेले आहे, तेच उत्तर म्हणून परत येते. पॅनची प्रत फायलीत लागली आणि संगणकात नोंदवायची राहून गेली, असे झाले तरी खाते नापास ठरते.

पूर्वी व्हॅलिडेट झालेले खातेही पुढे निरुपयोगी ठरू शकते. खाते दुसऱ्या शाखेत हलवले किंवा बँकांचे विलीनीकरण झाले की आयएफएससी बदलतो. देना बँक एप्रिल 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एप्रिल 2020 मध्ये आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, तर सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. या बँकांच्या खातेदारांचे जुने कोड कालबाह्य झाले. संकेतस्थळावर जुनाच कोड राहिला असेल, तर नवा तपशील भरून खाते पुन्हा व्हॅलिडेट करावे लागते. बरेच दिवस व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले किंवा केवायसी अपुरे असलेले खातेही असेच अडते. ते आधी शाखेत जाऊन चालू करून घ्यावे लागते.

नावातला फरक हे जास्त चिवट कारण आहे. पॅनच्या नोंदीत आडनाव, पहिले नाव आणि मधले नाव असे तीन वेगळे रकाने असतात. मराठी नावात मधल्या जागी वडिलांचे किंवा पतीचे नाव येते. कुठे ते पूर्ण लिहिलेले असते, कुठे फक्त आद्याक्षर, कुठे तेही नाही. पॅनवर SUNITA RAMESH PATIL आणि बँकेत PATIL S R अशी नोंद असेल, तर माणूस तेच असले तरी यंत्राला दोन नावे दिसतात. इंग्रजी स्पेलिंगमधला फरकही नडतो: एकीकडे CHAUDHARI, दुसरीकडे CHOUDHARY. सर्वांत मोठा फरक पडतो तो लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत. पॅन नोकरीच्या सुरुवातीला माहेरच्या नावाने काढलेला असतो, तर बँकेत लग्नानंतर सासरचे नाव लावलेले असते. रोजच्या व्यवहारात त्यावाचून काही अडत नाही, म्हणून हा फरक वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि परताव्याच्या वेळी पुढे येतो.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. पॅनवर सुनीता वसंत जोशी आणि बँकेत सुनीता प्रकाश कुलकर्णी अशी नावे असलेल्या एका करदात्या आहेत. आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये त्यांचा पगार 4,00,000 रुपये आणि मुदत ठेवींवरचे व्याज 1,84,000 रुपये होते. बँकेने व्याजावर 10 टक्के दराने 18,400 रुपये करकपात केली. नव्या करपद्धतीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न 5,09,000 रुपये उरते. त्या वर्षी 7 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होता, म्हणून कापलेली सगळी रक्कम परत मिळायला हवी. विवरणपत्र ऑगस्ट 2025 मध्ये, मुदतीत भरले आणि सप्टेंबरमध्ये परतावा मंजूर झाला. वेळेत भरलेल्या विवरणपत्राला 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का साधे व्याज मिळते. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे 552 रुपये मिळून 18,952 होतात आणि दहाच्या पटीत आणल्यावर 18,950 रुपये मंजूर होतात. पण खात्यावरचे नाव न जुळल्याने ही रक्कम जमा होत नाही.

या करदात्यांनी सर्वप्रथम दोष कुठे आहे ते पाहायला हवे. संकेतस्थळावर पॅन आणि पासवर्डने प्रवेश करून e-File, त्याखाली Income Tax Returns आणि मग View Filed Returns उघडले की त्या वर्षाच्या विवरणपत्राची स्थिती दिसते. विवरणपत्राची तपासणीच बाकी असेल, तर वाट पाहणे हाच मार्ग. परतावा जुन्या थकबाकीत वळता झाला असेल, तर तो प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तर थकबाकीच्या सूचनेला द्यावे लागते. परतावा पाठवताना अपयशी ठरला अशी नोंद असेल, तरच पुढचे उपाय कामाचे. त्यानंतर My Profile मधल्या My Bank Account मध्ये खात्याची स्थिती पाहावी. व्हॅलिडेशन फसले असेल तर तिथे कारणही दिलेले असते. पॅन जोडलेला नाही, नाव जुळत नाही, खाते बंद आहे, अशा त्या नोंदीवरून पुढे बँकेत जायचे की पॅन दुरुस्त करायचा, हे ठरते.

नावाच्या बाबतीत कोणती नोंद बदलायची, हा निर्णय घाईने घेऊ नये. आधार, पासपोर्ट आणि नोकरीच्या कागदपत्रांवर कोणते नाव आहे, हे आधी पाहावे. वरच्या उदाहरणात आधारवर सासरचे नाव असेल, तर पॅनमध्येच दुरुस्ती करणे योग्य. बँकेत पुन्हा माहेरचे नाव लावले, तर पॅन आणि आधार यांच्या नावांतला फरक तसाच राहील. पॅनमधील दुरुस्तीचा अर्ज प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या संस्थांमार्फत ऑनलाइन करता येतो. लग्नामुळे नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र पुरावा म्हणून चालते. उलट, पॅन आणि आधार एकसारखे असून फक्त बँकेत स्पेलिंग चुकले असेल, तर दुरुस्ती शाखेत करावी. केवायसीचा अर्ज आणि पॅनची स्वाक्षरी केलेली प्रत देताना पॅन खात्याला जोडला आहे ना, हेही तिथेच विचारावे. पॅन आधारशी जोडलेला नसल्याने निष्क्रिय झाला असेल, तर परतावा मिळतच नाही, म्हणून ती जोडणी सगळ्यांच्या आधी.

दुरुस्ती नोंदली गेल्यावर My Bank Account मध्ये जाऊन Revalidate करावे. तपशील चुकीचा असेल, तर तो बदलून किंवा नवे खाते जोडून विनंती पाठवावी. उत्तर यायला 10 ते 12 कामकाजाचे दिवस लागू शकतात. खाते व्हॅलिडेट झाल्याचे दिसले की त्याच ठिकाणी ते परताव्यासाठी निवडलेले आहे का, म्हणजे Nominate for refund ची खूण चालू आहे का, हे पाहावे. खाते व्हॅलिडेट असूनही ही खूण बंद राहिल्याने काम अडते. दुसऱ्या बँकेत पॅनप्रमाणे नाव असलेले खाते आधीपासून असेल, तर सगळ्यात जवळचा मार्ग तेच खाते जोडण्याचा आहे.

यानंतर रक्कम आपोआप येईल असे धरू नये. एकदा फसलेला परतावा मागून घ्यावा लागतो. Services मध्ये Refund Reissue उघडून नवी विनंती तयार करावी, संबंधित विवरणपत्र निवडावे, व्हॅलिडेट झालेले खाते निवडावे आणि आधारवर आलेल्या ओटीपीने किंवा अन्य मान्य मार्गाने पडताळणी पूर्ण करावी. त्यासाठी विवरणपत्र सुधारून पुन्हा भरण्याची गरज नसते. परतावा अजून निघालेलाच नसेल, तर ही विनंती करता येत नाही. तेव्हा खाते व्हॅलिडेट करून ते निवडून ठेवणे पुरेसे.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. नाव दुरुस्त होण्याआधीच पुनर्वितरणाची विनंती केली, तर तोच परतावा त्याच कारणाने पुन्हा फसतो आणि आणखी काही आठवडे जातात. उशिराची किंमतही असते. परताव्यावर व्याज देणारा कायदाच असे सांगतो की करदात्यामुळे झालेल्या विलंबाचा काळ व्याजातून वगळता येतो. उदाहरणातल्या करदात्यांना 18,950 रुपये मिळतील, पण नाव दुरुस्त करण्यात गेलेल्या महिन्यांचे व्याज मिळेल असे गृहीत धरता येणार नाही. मिळालेले 552 रुपयांचे व्याज ज्या वर्षी हातात येते, त्या वर्षी ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून दाखवावे लागते.

सगळे जुळूनही रक्कम आली नाही, तर संकेतस्थळावर Grievances मध्ये तक्रार नोंदवावी किंवा 1800 103 0025 या क्रमांकावर विचारणा करावी. परतावा अडला आहे, लिंक उघडून खात्याचा तपशील भरा, असे संदेश फसवणूक करणारेही पाठवतात. खाते जोडणे आणि पुनर्वितरणाची विनंती करणे ही दोन्ही कामे संकेतस्थळावर स्वतः प्रवेश करूनच होतात. त्यासाठी कोणालाही पिन, पासवर्ड किंवा ओटीपी सांगावा लागत नाही.

विवरणपत्र भरायला बसण्याआधी पॅन, आधार आणि बँक या तीन ठिकाणची नावे शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर तपासावीत आणि खात्याची स्थिती एकदा पाहून घ्यावी. फरक तेव्हाच कळला, तर तो निवांतपणे दुरुस्त करता येतो आणि परतावा पहिल्या प्रयत्नातच खात्यावर येतो.