जाणं भाग्याचं, राहणं व्ययाचं

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं की मुलामुलींच्या पत्रिका कपाटातून बाहेर निघतात आणि ज्योतिषापुढे ठेवल्या जातात. प्रश्न ठरलेला असतो: परदेशयोग आहे का? या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न दडलेले आहेत. पदवीच्या पुढे शिक्षण होईल का, ते देशाबाहेर होईल का, आणि शिकून झाल्यावर तिथंच बस्तान बसेल का. ज्योतिषशास्त्र ही तीन उत्तरं वेगवेगळ्या स्थानांत शोधतं. एका होकारात तिन्ही उरकली की घरच्यांची दिशाभूल होते, आणि ती किती महाग पडते हे शैक्षणिक कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या आईवडिलांना विचारावं.

लग्नापासून नववं ते भाग्यस्थान. विद्येचं मुख्य स्थान पाचवं, आणि पाचव्यापासून मोजत गेलं की पाचवं घर येतं ते हेच नववं. म्हणून शाळा-कॉलेजचा विचार चौथ्या-पाचव्या स्थानांवरून आणि त्यापुढच्या शिक्षणाचा नवव्यावरून करायची रीत आहे. गुरू आणि लांबचा प्रवास हे दोन्ही विषयही याच घरात येतात, त्यामुळे शिकण्यासाठी दूर जाणं हा अर्थ इथं आपोआपच जुळून येतो. चौथं घर मात्र आईचं, वास्तूचं आणि जन्मभूमीचं. ते लक्षात ठेवायचं, कारण पुढचा सगळा निवाडा त्याच्यापाशी होतो.

बारावं घर व्ययाचं. खर्च, हानी, रुग्णालय, बंदिवास, मोक्ष आणि परदेशातलं वास्तव्य हे सगळं एकाच घरात. ज्या काळात ही कारकत्वं ठरली, त्या काळात घरादारापासून तुटून परमुलखात राहणं हे नुकसानीतच जमा होतं. हा विचार फार जुना झाला असंही नाही. 1883 साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा समुद्रापार जाण्यावरून केवढं काहूर उठलं होतं! आज तेच घर पाहून पेढे वाटले जातात. घर तेच, जमाखर्चाची बाजू तेवढी बदलली. त्याचे बाकीचे अर्थ मात्र कुठं गेलेले नाहीत, हे सांगायचं बरेच ज्योतिषी विसरतात. व्ययेश बलवान आहे एवढ्यावरून विमानाचं तिकीट काढता येत नाही. त्याचा संबंध नवमाशी असेल तर परदेश म्हणावं. सहाव्याशी, म्हणजे ऋण आणि रोगाच्या स्थानाशी असेल, तर तीच दशा कर्ज काढण्यात किंवा दवाखान्यात जाऊ शकते, असं शास्त्रच सांगतं.

बारा लग्नांपैकी दोनच लग्नं अशी आहेत की त्यांत नवमाचा आणि व्ययाचा मालक एकच ग्रह असतो. मेष लग्नाला गुरू, कारण धनू नवमात आणि मीन व्ययात. तूळ लग्नाला बुध, कारण मिथुन नवमात आणि कन्या व्ययात. शिक्षण आणि परदेश या दोन्हींची किल्ली एकाच हाती असल्यानं या पत्रिका शिकण्याजोग्या असतात. समजावण्यासाठी तूळ लग्नाची एक पत्रिका मांडू. बुध मिथुनेत, स्वतःच्या राशीत, नवमात. शनी मकरेत, स्वतःच्या राशीत, चतुर्थात. चंद्र स्वाती नक्षत्रात, म्हणून जन्माच्या वेळी राहूची महादशा. तिची 5 वर्षं शिल्लक आहेत असं धरू.

विंशोत्तरी पद्धतीत राहूनंतर गुरूची 16 वर्षं येतात, म्हणजे एकविसाव्या वर्षी शनीची महादशा लागते आणि ती 19 वर्षं, वयाच्या चाळिशीपर्यंत चालते. शनीत पहिली अंतर्दशा शनीचीच, साधारण 3 वर्षांची. चोविसाव्या वर्षी बुधाची अंतर्दशा सुरू होते आणि जेमतेम 2 वर्षं 8 महिने टिकते. नवमेश आणि व्ययेश असलेला बुध नवमातच बसून फळ द्यायला उभा आहे, तेव्हा परदेशात जाऊन पदव्युत्तर शिक्षण पुरं होण्याचं भाकीत इथं ठामपणे केलं जातं. घाईचा ज्योतिषी इथंच थांबतो आणि ‘मुलगा तिकडेच राहणार’ असं सांगून मोकळा होतो.

पण महादशा कोणाची आहे ते पाहायला हवं. शनी चतुर्थाचा मालक, आणि बसलाय चतुर्थातच, बळकट होऊन. बुधाची अंतर्दशा सरली की मुख्य सूत्रं पुन्हा जन्मभूमीच्या मालकाकडेच राहतात. म्हणून या पत्रिकेचं प्रामाणिक वाचन असं होईल: जाणं होईल, शिक्षण होईल, पण शनीत कायमचं राहणं कठीण, तो प्रश्न चाळिशीत बुधाची 17 वर्षांची महादशा लागेल तेव्हा पुन्हा उघडेल. आता यात एकच बदल करू. शनी मकरेतून उचलून कन्येत, म्हणजे व्ययात ठेवू. चतुर्थाचा मालक स्वतःच परमुलखात जाऊन बसला, तोही बुधाच्या राशीत. बुध जिथं होता तिथंच आहे, दशाही त्याच आहेत, तरी आता बस्तान तिकडे बसण्याकडे कौल झुकतो. स्थायिक होण्याचा प्रश्न व्ययाइतकाच चतुर्थावर अवलंबून असतो तो असा. कृष्णमूर्ती पद्धतीतही जाण्यासाठी तिसरं, नववं आणि बारावं या तिन्ही स्थानांचा मेळ लागतो. तिथंही तिसरं घर मोजलं जातं ते चौथ्याचं बारावं, म्हणजे घर सुटण्याचं स्थान म्हणून.

चुका कुठं होतात? एक तर योग फार सैल लावले जातात. राहू नवमात किंवा व्ययात असला की परदेश, असं सर्रास सांगतात. पण घरं बारा आणि राहू एक, म्हणजे साधारण दर सहा पत्रिकांत एकीत तो या दोन घरांपैकी एकात सापडणारच. दुसरी चूक जन्मवेळेची. एक लग्नरास सरासरी 2 तास उगवत असते, त्यामुळे मूळ पत्रिका पाच-दहा मिनिटांच्या फरकानं सहसा बदलत नाही. पण उच्च शिक्षणासाठी जो चतुर्विंशांश पाहतात, त्यात राशीचे 24 भाग होतात आणि त्याचं लग्न सुमारे 5 मिनिटांत बदलतं. प्रसूतीच्या गडबडीत घड्याळाकडे पाहून लिहिलेली ‘पावणेआठ’सारखी वेळ इतका बारकावा पेलू शकत नाही. वेळ अशी गोल आकड्यात असेल तर चतुर्विंशांशावरून काढलेला निष्कर्ष बाजूला ठेवावा.

आणि एक गोष्ट पत्रिका उघडण्याआधीच माहीत असावी. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्याच ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ती सरासरी 46 टक्के, म्हणजे नाणं उडवून आली असती साधारण तेवढीच. ही चाचणी बुद्धीची होती, परदेशगमनाची नव्हती, पण विद्येसारखा पत्रिकेतला मुख्य विषय जिथं हाती लागला नाही, तिथं वर मांडलेल्या वाचनाच्या भरवशावर घर गहाण टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दशा चोविसाव्या वर्षी लागली तरी प्रवेश विद्यापीठ देतं, व्हिसा वकिलात देते आणि शिक्षणानंतर किती दिवस काम करता येईल हे त्या देशाचा कायदा ठरवतो, जो अंतर्दशा संपायच्या आतही बदलू शकतो. तरीही ज्योतिषाकडे जायचंच असेल, तर ‘परदेशयोग आहे का’ असं मोघम विचारू नका. जाण्याचं उत्तर कोणत्या ग्रहावरून काढलं, राहण्याचं कोणत्या, आणि चतुर्थाचा मालक कुठं आहे, हे वेगवेगळं विचारा.